आमची वाटचाल : पांढऱ्या बुटांवरचा पिवळा डाग

नाशिकच्या गंगापूर रोडवर एका भाड्याच्या गाळ्यात मी आणि माझ्या पत्नीने बूट धुऊन देण्याचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा आमच्याकडे तीन ब्रश, दोन टब आणि शू क्लीनरच्या चार बाटल्या एवढेच भांडवल होते. पहिले दोन महिने कामे किरकोळ होती आणि तक्रारी जवळजवळ नव्हत्या. त्यानंतर गणेशोत्सवाच्या तोंडावर एका लेझीम पथकाचे पांढऱ्या कॅनव्हासचे चौदा जोड एकाच वेळी आले आणि आमची खरी परीक्षा तिथे झाली.

चिखल आणि गुलाल निघावा म्हणून आम्ही प्रत्येक बुटावर खायच्या सोड्याचा जाड लेप दिला, वर डिटर्जंटने घासले, बादलीत दोनदा बुचकळून काढले आणि गच्चीवर कडक उन्हात ओळीने मांडले. ओले असताना बूट नव्यासारखे दिसत होते. संध्याकाळी उचलायला गेलो, तेव्हा चौदापैकी नऊ जोडांवर, तळाच्या रबराला लागून आणि शिवणींच्या कडेने, चहा सांडल्यासारखी पिवळसर किनार उमटली होती. पथकाला आम्ही पैसे परत केले, पण डाग का पडला हे आम्हाला सांगता आले नाही.

उत्तर घरातूनच मिळाले. आईने एक बूट हातात घेऊन कडेला बोट घासले, ते जिभेला लावले आणि म्हणाली, "अरे, यात सोडा तसाच आहे. नीट खळबळलंच नाहीस." कॅनव्हासचे कापड जाड असते, आत अस्तर आणि कधी फोमचा थरही असतो, त्यामुळे वरून स्वच्छ दिसणाऱ्या बुटाच्या पोटात साबण आणि सोडा शिल्लक राहतो. वाळताना पाणी बाहेरच्या पृष्ठभागाकडे ओढले जाते आणि येताना तो क्षार, आतला मळ आणि काही वेळा तळाच्या गोंदाचा रंगही सोबत आणते. पाणी उडून जाते, बाकीचे सगळे कडेला साचते, आणि उन्हाच्या तापाने तो डाग अधिकच गडद होतो. म्हणजे बूट पिवळे पडण्याला सोड्यापेक्षा आमची धुण्याची घाई जबाबदार होती.

तेच नऊ जोड आम्ही पथकाकडून मागून घेतले आणि पुन्हा धुतले. नाडी आणि आतली गादी वेगळी काढली. कोरड्या मऊ ब्रशने आधी धूळ झटकली, कारण कोरडी माती ओली झाली की विणीत बसते. मग दोन चमचे खायचा सोडा, एक चमचा पाणी आणि थोडे शू क्लीनर यांचा लेप मध्यम ब्रशने लावला आणि तो सुकण्याआधीच, साधारण पंधरा मिनिटांत, काढून टाकला. राठ ब्रश फक्त रबरी तळासाठी ठेवला, कारण कॅनव्हासवर तो फिरवला की धागे पिंजतात आणि त्या जागी मळ लवकर धरतो. त्यानंतर फेस पूर्ण जाईपर्यंत वाहत्या पाण्यात धुतले, आणि शेवटी एक लिटर पाण्यात दोन चमचे पांढरे व्हिनेगर घालून, त्यात काही मिनिटे ठेवून, पुन्हा साध्या पाण्यातून काढले. व्हिनेगर उरलेला क्षार मारते. ते सोड्याच्या लेपातच मिसळले तर फसफस छान दिसते, पण दोघेही एकमेकांना निकामी करतात.

पुरेसे धुतले की नाही, हे आम्ही आता लाल लिटमस पट्टीने पाहतो. बूट दाबून निघालेल्या पाण्यात एक पट्टी आणि नळाच्या पाण्यात दुसरी बुडवायची. पहिली जास्त निळी झाली तर क्षार अजून आत आहे.

वाळवण्यातही बदल केला. टॉवेलने दाबून पाणी टिपायचे, आत पांढरे कागद कोंबायचे आणि बाहेरून संपूर्ण बुटाला पांढऱ्या टिश्यू पेपरचा थर ओला असतानाच चिकटवून पंख्याखाली सावलीत ठेवायचे. वर्तमानपत्र वापरायचे नाही, त्याची शाई उतरते. पाणी कागदातून बाहेर पडत असल्याने पिवळेपणा कापडाऐवजी कागदावर जमा होतो. दुसऱ्या दिवशी कागद सोलताना त्यावर बुटाच्या कडेची पिवळी रेघ स्पष्ट दिसते. त्या नऊपैकी सात जोड असे निर्मळ झाले, दोनांवर फिकट छटा राहिली.

पावसाळ्यात या पद्धतीला दोन दिवस लागतात, म्हणून "उद्या सकाळी हवेत" अशी कामे आम्ही जुलै-ऑगस्टमध्ये सरळ नाकारतो. क्लोरीनचे ब्लीच दुकानात ठेवतच नाही, कारण कृत्रिम धाग्यांच्या शिवणी त्याने पिवळ्या पडू शकतात. आणि वर्षानुवर्षे ऊन व हवा लागून रबराचा तळच पिवळा झाला असेल, तर तो मळ नसतो. सोड्याने तो पांढरा होत नाही, हे ग्राहकाला जोड घेतानाच सांगून आम्ही पावतीवर तसे लिहून देतो.