जिंकत असलेला बँकर

महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी गेम टेस्टिंग करते. परदेशी क्लायंटच्या कॅसिनो गेम्सचे पत्ते, हिशेब, नियम तपासायचे, हे माझं रोजचं काम. त्या सोमवारी बॅकराट या पत्त्यांच्या खेळाबद्दल क्लायंटकडून तक्रारीचं तिकीट आलं होतं: ‘बॅकराटमध्ये बँकर 6 विरुद्ध 1 असा जिंकत होता, तरी त्यानं तिसरा पत्ता घेतला आणि हरला. गेम बिघडलाय.’

मी लॉग उघडला. प्लेअरकडे दुर्री आणि तिर्री, म्हणजे 5. बँकरकडे राणी आणि छक्की. चित्रांची आणि दश्शीची किंमत शून्य, म्हणून 6. प्लेअरची बेरीज 5 किंवा कमी असेल तर त्याला पत्ता घ्यावाच लागतो. त्याला छक्की आली, बेरीज 11. बेरजेचा फक्त एकं धरायचा, म्हणजे 1. आता बँकर 6, प्लेअर 1. तरी बँकरनं पत्ता घेतला, चौकी आली, दहाचं शून्य झालं आणि प्लेअर जिंकला.

शेजारी बसलेली नवीन मुलगी म्हणाली, “ताई, बग आहे हा सरळ. जिंकत असताना कोण पत्ता घेईल?”

“अगं, कोण घेतं हा प्रश्नच इथे नाही. तक्ता घेतो.”

पहिल्या दोन पत्त्यांत कुणाचीही बेरीज 8 किंवा 9 झाली तर डाव तिथेच संपतो. नाहीतर आधी प्लेअर, मग बँकर. प्लेअरनं तिसरा पत्ता घेतला असेल, तर बँकरचा नियम दोनच गोष्टी बघतो: स्वतःची बेरीज आणि प्लेअरचा तो तिसरा पत्ता. प्लेअरची एकूण बेरीज तो बघत नाही. बँकरकडे 6 असतील, तर प्लेअरचा तिसरा पत्ता छक्की किंवा सत्ती असला तरच तो पत्ता घेतो.

तिला कागदावर मांडून दाखवलं. पत्ता घेणाऱ्या प्लेअरकडे आधी 0 ते 5 असतात. त्यात छक्की मिळवली की 6, 7, 8, 9, 0 किंवा 1 होतात. सहापैकी तीन ठिकाणी बँकरचे 6 कमी पडतात. अठ्ठी मिळवली तर 8, 9, 0, 1, 2, 3. तिथे 6 फक्त दोनदा हरतो, म्हणून बँकर थांबतो. आमच्या डावात प्लेअर नेमका 1 वर होता, पण नियमाच्या दृष्टीनं ती फक्त ‘छक्की आलेली बाजू’ होती. गेम बरोबर होता.

ती बराच वेळ स्क्रीन बघत होती. “मग खेळणारा ठरवतो काय? मला पत्ता घ्यायचं बटण सापडतच नाहीये.”

ते बटण नसतंच. प्लेअर आणि बँकर ही दोन बाजूंची नावं आहेत, माणसं नव्हेत. पहिला पत्ता पडण्याआधी प्लेअर, बँकर किंवा बरोबरी यांवर पैसे लावायचे. नंतर कुणालाही विचारण्यासारखं काही उरत नाही. शमँ द फेर या जुन्या फ्रेंच प्रकारात 5 वर पत्ता घ्यायचा की नाही हे खेळणारा ठरवू शकतो. आमच्या पुंतो बँको प्रकारात तेवढीही मोकळीक नाही.

तिकीट बंद करणार होते, पण हाताशी तक्ता होता म्हणून दहा लाख डावांचा रन लावला. आठ कॅटच्या खेळात साधारण 45.86 टक्के डाव बँकर जिंकतो, 44.62 टक्के प्लेअर आणि उरलेले बरोबरीत जातात. आमच्या आकड्यांत प्लेअर किंचित पुढे होता. माझं बसल्या जागी धाबं दणाणलं, कारण हा बिल्ड मीच पास केला होता.

प्लेअर 6 किंवा 7 वर थांबला असे डाव वेगळे काढले. अशा वेळी तिसरा पत्ताच नसतो, त्यामुळे मघाचा तक्ता लागत नाही: बँकर 5 पर्यंत पत्ता घेतो, 6 आणि 7 वर थांबतो. आमच्यात मात्र 4 आणि 5 वर बँकर गप्प बसत होता आणि प्रत्येक वेळी हरत होता. कोडमध्ये ही ओळ सापडली:

```
int p3 = 0; // player stood
```

पत्ता नाही म्हणून शून्य भरलेलं, आणि शून्य म्हणजे तर राजा, राणी, गुलाम, दश्शी! प्लेअरनं चित्र घेतलंय असं समजून कोड तक्ता बघत होता. त्या तक्त्यात चित्रासमोर बँकर 4 आणि 5 वर थांबतो, पण 3 किंवा कमी असले तर पत्ता घेतो. तेवढे डाव योगायोगानं बरोबर येत असल्यामुळे माझ्या टेस्टमध्ये हे निसटलं. थांबलेल्या प्लेअरसाठी मी एकच केस लिहिली होती, बँकर 3 ची.

संध्याकाळपर्यंत डेव्हलपरनं ‘प्लेअर थांबला का’ ही तपासणी तक्त्याच्या आधी आणली. थांबलेल्या प्लेअरविरुद्ध बँकरच्या 0 ते 7 या आठही केसेस त्या मुलीनं स्वतः लिहिल्या. पुन्हा लावलेला रन घणसोली स्टेशनवर फोनवरच बघितला: बँकर पुढे, सव्वा टक्क्यानं.