डिटेक्टर एपीआय, ९६ शून्यं आणि ०.९० चा कटऑफ: माझा अनुभव

सेमिस्टर संपताना आमच्या कॉलेजच्या मूडलवर ८४० असाइनमेंट आल्या आणि वरून फर्मान, सगळ्या एआय डिटेक्टरमधून काढा. मूडल मी बघतो, म्हणजे काम माझ्याच गळ्यात. एपीआय सोपा होता, मजकूर पाठवायचा, ० ते १ मधला स्कोअर येतो, जितका जास्त तितका एआयचा संशय जास्त. मुलांची नावं काढून टाकली, ५०-५० च्या बॅच करून रात्री आपोआप चालणाऱ्या क्रॉनला लावलं, सकाळी बघतो तर सगळं झालेलं, म्हटलं वा.

मग सॉर्ट केलं तर ९६ जणांना नेमका शून्य. बाकी कुणालाच नेमका शून्य नव्हता, अगदी साध्या लिखाणालाही ०.०३, ०.०५ असं काहीतरी होतंच. लॉग उघडला:

```
sub_id=4417 status=429 score=0.00
```

429 म्हणजे फार भराभर विचारताय, थांबा. रिक्वेस्ट फसलेली, पण माझ्या टेबलात स्कोअरचा डिफॉल्ट ० होता, त्यामुळे न तपासलेले ९६ जण आपोआप सुटले. डिफॉल्ट NULL, म्हणजे रिकामा केला, आणि सर्व्हरच्या उत्तरातल्या `Retry-After` मध्ये येतील तेवढे सेकंद थांबून परत पाठवायला लावलं. लॉगमध्ये मॉडेलचं व्हर्जन आणि मजकुराचा हॅश, म्हणजे मजकूर बदलला की बदलणारा ठसा, हेही घातलं, कारण काल ०.६२ होतं ते आज ०.७८ आलं तर मुलानं फाइल बदलली की कंपनीनं मॉडेल, हे कळणार कसं?

आता कटऑफ. एचओडी सर म्हणाले ०.७० ठेवा, कंपनीच्या डॉक्युमेंटमध्ये तेच आहे. मी गुपचूप जुन्या बॅकअपमधून २०२१ च्या २०० असाइनमेंट काढून पाठवल्या. चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ ला, म्हणजे या मुलांनीच लिहिलेल्या (एकमेकांच्या बघून लिहिल्या असतील, तो विषय वेगळा). ०.७० वर १४ अडकल्या! ७ टक्के. हाच हिशोब ८४० ला लावला तर ५८-५९ पोरं उगाच. ०.९० वर फक्त ३, म्हणजे ८४० मागे १२-१३. अडकलेल्या वाचल्या तर बहुतेक मराठी मीडियमच्या मुलांचं पाठ केलेलं इंग्रजी, फर्स्टली, सेकंडली, इन कन्क्लुजन. सरांना दाखवलं, ते गप्प, ०.९० ठरलं. अर्थात यात एआयवाले काही सुटणार, ते मान्य करूनच.

०.९० च्या वर स्कोअर आलेल्यांना थेट झीरो द्यायचा नाही, रिव्ह्यूच्या रांगेत टाकायचं. ४१ जण आले. पण स्क्रीनवर स्कोअर लाल रंगात, त्यामुळे मॅडम लोक उघडायचे, लाल बघायचे आणि "एआय" वर टिक. मला शंका आली म्हणून २०२१ च्या त्या तिन्ही रांगेत मिसळल्या. तिन्हींवर टिक. त्यातली एक त्याच मॅडमनी तेव्हा १० पैकी ९ देऊन तपासलेली होती.

तेव्हापासून स्कोअर लपवलाय. आधी वाचून स्वतःचं मत लिहायचं, मग आकडा दिसतो, आणि मुलाला बोलावून दहा मिनिटं त्याच विषयावर विचारल्याशिवाय केस बंद होत नाही. ४१ पैकी २६ झालेत, उरलेल्यांना मॅडमना वेळ मिळत नाहीये.