सोसायटीच्या बिलाची फाइल आणि तिची किंमत

हाउसिंग सोसायट्यांचे हिशेब लिहिणं हा माझा धंदा. मेंटेनन्स बिलाची माझी एक्सेल फाइल मी ऑनलाइन ४९९ रुपयांना विकते. सिंकिंग फंड, थकबाकीवर सरळव्याज आणि भाड्याने दिलेल्या फ्लॅटवरचा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज ती आपोआप काढते. हा चार्ज सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच लावता येतो, पण कमिट्या तो खुशाल अख्ख्या बिलावर लावतात. माझ्या फाइलमधलं सूत्र ते होऊ देत नाही, याचा मला अभिमान आहे.

मार्चअखेरीस सोळा फ्लॅटच्या इमारतीतल्या सेक्रेटरी काकांचा फोन आला. "मॅडम, कॉपी काढायला तुम्हाला खर्च काय येतो? १९९ करा."

खर्च खरंच नाही. पेमेंट गेटवे २ टक्के आणि त्यावर जीएसटी घेतो, म्हणजे ४९९ मागे जेमतेम १२ रुपये. छापील रजिस्टर असतं आणि त्याला १५० रुपये खर्च आला असता, तर १९९ ला ४९ च सुटले असते. तेवढाच नफा राखायला सातपट खप लागला असता. फाइलला अडीचपट पुरतो. म्हणून किंमत उतरवणं इथे कमी जिवावर येतं. पण प्रत्येक गिऱ्हाईक फोन करतं. मोबाइलवर मॅक्रो चालत नाहीत, हे वर्णनात ठळक लिहूनही कुणी वाचत नाही. अडीचपट गिऱ्हाइकं म्हणजे अडीचपट फोन, आणि माझा वेळ काही फुकट कॉपी होत नाही. काकांना नाही म्हटलं.

दुपारी एका अकाउंटंटचा फोन. त्याने एकदाच ४९९ भरले होते. "ताई, थकबाकीचा रकाना अडलाय, तीसही सोसायट्यांची बिलं थांबलीत." तीस! वर चेहऱ्यावर जराही संकोच नसावा, असा आवाज.

सोळा घरांची कमिटी आणि तीस सोसायट्यांची फी घेणारा माणूस, दोघांना मी एकच भाव लावत होते. त्याच रात्री दोन किमती केल्या: एका सोसायटीला ४९९, कितीही सोसायट्यांना ३,४९९. दुसरीत सोसायटीचं नाव बदलता येतं, सगळ्यांची थकबाकी एका पानावर दिसते आणि वर्षभर फोनवर मदत मिळते. पहिलीत नावाचा रकाना शीट प्रोटेक्शनने बंद केलाय. तो पासवर्ड मोडणं अवघड नाही, हे मला ठाऊक आहे. कुलूप प्रामाणिक माणसासाठी. बाकीच्यांना विकायची ती फोनवरची मदत.

अकाउंटंटला हिशेब सांगितला: सोसायटीमागे ११७ रुपयेसुद्धा पडत नाहीत. तो म्हणाला, "बघतो." त्याचा रकाना मी त्या दिवशी दुरुस्त करून दिला होता, तो दिला नसता तर त्याने पैसे भरले असते का, हे अजून डोक्यातून जात नाही. जुनी फाइल त्याच्याकडे चालूच आहे, ती बंद करायची सोय माझ्याकडे नाही. काकांनी मात्र आठवड्याने ४९९ भरले.