पायाचा आकडा खाली आला तेव्हा

बाळासोबत आलेल्या चिठ्ठीवर 'सेप्सिस' लिहिलं होतं. लिहिणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. पाच दिवसांचा मुलगा, पूर्ण दिवसांचा, वजन 2.8 किलो. जन्मल्याबरोबर रडलेला, अंगावर पिणारा, तिसऱ्या दिवशी घरी गेलेला. आता अंग गार, रंग राखाडी, छातीवर बोट दाबून उचललं तर लाली परतायला पाच-सहा सेकंद लागत होते. आजी सांगत होती, "कालपास्ना झिल दूध ओढना नाय, डॉक्टरांनू. निस्तो धापता." असं नवजात बाळ समोर आलं की पहिला विचार जंतुसंसर्गाचाच येतो, आणि बहुतेक वेळा तो खराही असतो. अँटिबायोटिक आम्हीही लगेच सुरू केलं.

पण सिंधुदुर्गातल्या आमच्या नवजात कक्षात एक गोष्ट मी कुणालाच चुकवू देत नाही. एका हाताने उजव्या कोपरातली नाडी बघायची आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने जांघेतली. एकामागून एक नाही, एकत्रच, कारण फरक तेव्हाच कळतो. या बाळाची कोपरातली नाडी बारीक होती, पण नक्की लागत होती. जांघेत काहीच नव्हतं, ना डावीकडे ना उजवीकडे. वरचा रक्तदाब उजव्या हातात 78, पायात 41. उजव्या तळहाताला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरवर 97, पायाला लावला तर लहरच उमटेना. यकृत बरगडीखाली चार सेंटिमीटर लागत होतं. आधीच्या ठिकाणी दोनदा सलाईन ढकललं गेलं होतं, आणि प्रत्येक वेळी धाप वाढली होती.

म्हणजे हृदयापासून मेंदूपर्यंत आणि उजव्या हातापर्यंत रक्त पोचत होतं. पोटाकडे, मूत्रपिंडांकडे, पायांकडे पोचत नव्हतं. मधे महाधमनी अरुंद होती. मग पाच दिवस हे बाळ इतकं ठणठणीत कसं राहिलं?

उत्तरासाठी पोटातल्या बाळाकडे जावं लागतं. तिथे फुप्फुसं पाण्याने भरलेली, त्यांच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या. ऑक्सिजन वारेतून येतो, नाळेतल्या एकुलत्या एका शिरेने. त्या रक्तातला एक भाग यकृतात न शिरता डक्टस व्हेनोसस नावाच्या आडवाटेने थेट मोठ्या शिरेत आणि तिथून हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचतो. दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला फोरामेन ओव्हेल नावाचं दार असतं. हे चांगलं रक्त मुख्यतः त्या दारातून डावीकडे जातं आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला व मेंदूला मिळतं. उरलेलं, ऑक्सिजन कमी असलेलं रक्त उजवा कप्पा फुप्फुसाच्या धमनीत ढकलतो. फुप्फुसं त्यातलं थोडंच घेतात. बाकीचं डक्टस आर्टेरिओसस या तिसऱ्या वाटेने महाधमनीच्या उतरत्या भागात ओतलं जातं आणि खालच्या शरीराकडे व पुन्हा वारेकडे जातं.

इथे एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. महाधमनीची कमान संपते आणि डक्टस येऊन मिळते, त्यांच्या मधला छोटा तुकडा म्हणजे इस्थमस. गर्भात दोन्ही बाजूंच्या हृदयाने मिळून फेकलेल्या रक्तापैकी जेमतेम दहावा हिस्सा इथून जातो. वरच्या शरीराचं वाटप त्याआधीच झालेलं असतं आणि खालच्या शरीराला डक्टस सांभाळत असते. म्हणून इस्थमस अरुंद असला तरी पोटातल्या बाळाचं काही अडत नाही. ते वाढतं, लाथा मारतं, सोनोग्राफीत सगळं छान दिसतं. महाधमनीचं हे आकुंचन गर्भाच्या सोनोग्राफीत सापडायला सगळ्यात अवघड दोषांपैकी एक मानतात ते यामुळेच. "एवढे पैसे घालून सोनोग्राफी केली, मग दिसलं कसं नाही?" असं वडील दोनदा म्हणाले. राग समजण्यासारखा होता, पण सोनोग्राफी करणाऱ्यावर तो काढणं मला अन्यायाचं वाटलं.

जन्मानंतर पहिल्या श्वासाने फुप्फुसं उघडतात. नाळ बांधली की वारेचा मोठा, सहज वाहणारा रस्ता बंद होतो आणि शरीराच्या बाजूचा दाब वाढतो. फुप्फुसांतून भरपूर रक्त डावीकडे परतू लागतं, डावा दाब उजव्याहून वर जातो आणि फोरामेन ओव्हेलची पातळ झडप पडद्यावर दाबली जाते. डक्टस आर्टेरिओससला उघडं ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन मोठ्या प्रमाणात वारेतून येत असतं. वार गेली, शिवाय फुप्फुसं ते मोडून टाकू लागली. वर रक्तातला ऑक्सिजन वाढला की डक्टसचा स्नायू आकसतो. बहुतेक बाळांत दोन-तीन दिवसांत ती मिटते, काहींत जरा उशिरा.

आमच्या बाळाची उशिरा मिटली. तोवर तिच्यामुळे पायांकडे रक्त जात होतं, जांघेतली नाडी लागत होती, सगळं ठीक दिसत होतं. शिवाय डक्टसच्या पेशी महाधमनीच्या भिंतीतही शिरलेल्या असू शकतात. त्यामुळे ती आकसताना आधीच अरुंद इस्थमसभोवती फास आवळल्यासारखं होतं. त्याच्या शरीरात जे घडलं ते प्रत्येक निरोगी बाळात घडतं. त्याचा जीव जात होता तो त्याने.

उपाय एकच होता: डक्टस पुन्हा उघडायची. 1970च्या दशकापासून त्यासाठी प्रोस्टाग्लँडिन ई-1 वापरतात. कोल्हापूरच्या बालहृदयरोगतज्ज्ञांना फोन केला. नाडी आणि रक्तदाब ऐकताच ते म्हणाले, "इकोसाठी थांबू नका, सुरू करा." पण सुरू करायला औषध हवं. आमच्या फ्रिजमध्ये एकही ॲम्प्यूल नव्हतं. महाग आहे, थंडाव्यात ठेवावं लागतं, वर्षभर लागत नाही आणि मुदत संपते, म्हणून मागणीपत्रातून ते दर वेळी कापलं जातं. लागतं तेव्हा मात्र दुसरं काहीही चालत नाही. ही गोष्ट कागदावर सही करणाऱ्यांना मी कितीदा सांगितली आहे! शेवटी गोव्यातल्या एका औषधविक्रेत्याने माणूस बांद्यापर्यंत पाठवला आणि आमचा ड्रायव्हर आषाढाच्या पावसात तिथून इन्सुलिनच्या थंड पिशवीत ॲम्प्यूल घेऊन आला.

तोवर शीर शोधणं सुरू होतं. हातापायाच्या सगळ्या शिरा बसलेल्या. मी नाळेच्या वाळलेल्या देठाकडे वळले. पाचव्या दिवशीही तो कापला की खाली शीर पुष्कळदा उघडी सापडते. मऊ नळी अलगद सरकवली आणि ती न अडता पुढे गेली. एक्स-रेत टोक यकृत ओलांडून श्वासपटलाच्या जरा वर, हवं तिथेच दिसलं. म्हणजे डक्टस व्हेनोसस अजून मिटली नव्हती. ती मिटलेली असती तर नळी यकृतात अडकली असती, आणि तिथे ही औषधं सोडणं धोक्याचं असतं. एक आडवाट बंद झाल्याने मरायला टेकलेल्या बाळाला औषध दुसऱ्या, अजून उघड्या आडवाटेने मिळणार होतं.

ॲम्प्यूलमध्ये 500 मायक्रोग्रॅम. ते 50 मिलिलिटरमध्ये मिसळलं की एका मिलिलिटरला 10. मिनिटाला किलोमागे 0.05 मायक्रोग्रॅम द्यायचं, म्हणजे 2.8 किलोला तासाला 8.4 मायक्रोग्रॅम, सिरिंज पंपावर 0.84 मिलिलिटर. हा हिशोब आम्ही दोघांनी वेगवेगळा करून ताडून पाहिला, कारण दशांशचिन्ह एक घर सरकलं तर रक्तदाब कोसळतो. या औषधाने बाळ श्वास घ्यायचं विसरू शकतं आणि पुढे घाटाचा प्रवास होता, म्हणून नळी घालून व्हेंटिलेटरवर घेतलं.

साधारण दीड तासाने सिस्टर घाबरून म्हणाल्या, "मॅडम, पायाचं सॅच्युरेशन 84 आलंय! ऑक्सिजन वाढवू?" हात ऑक्सिजनच्या नॉबकडे गेलाही होता. मी जवळजवळ ओरडलेच, "नको, हात लावू नका!" हाताला 96 होतं, पायाला 84. इतका वेळ पायाला आकडाच नव्हता, कारण रक्तच नव्हतं. आता फुप्फुसाच्या धमनीतलं कमी ऑक्सिजनचं रक्त डक्टसमधून खाली उतरत होतं. गर्भातली वाट पुन्हा वाहू लागली होती. जांघेत बोट ठेवलं तर नाडी आली होती, मऊ पण स्पष्ट. त्यानंतर तासाभरात लंगोट ओला झाला. ऑक्सिजन वाढवला असता तर फुप्फुसांच्या वाहिन्या आणखी सैल होऊन रक्त तिकडे ओढलं गेलं असतं आणि डक्टसलाही आकसायचा इशारा मिळाला असता. आम्ही तो उलट कमी करत साध्या हवेवर आणला. सिस्टर अनुभवी आहेत. त्यांनी प्रामाणिकपणे तेच केलं जे आम्ही त्यांना वर्षानुवर्षं शिकवलंय: आकडा घसरला की ऑक्सिजन वाढवा.

फोंडा घाटात धुकं होतं, पण पंपाची बॅटरी टिकली. कोल्हापूरला इकोत इस्थमसचं आकुंचन दिसलं. डावा कप्पा थकलेला होता, आणि तिथला दाब इतका चढला होता की फोरामेन ओव्हेलमधून रक्त गर्भातल्यापेक्षा उलट, डावीकडून उजवीकडे सांडत होतं. मूत्रपिंडं सावरल्यावर अरुंद तुकडा कापून महाधमनी जोडली आणि डक्टस बांधून टाकली.

मला अजून छळतो तो मधला काळ. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताईंच्या घरभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी अशा ठरलेल्या असतात. डक्टसवर अवलंबून असलेली बाळं बिघडतात ती पुष्कळदा नेमकी तिसऱ्या आणि सातव्याच्या मधे. घरी सोडताना नाडी बघितली तरी डक्टस उघडी असेल तर ती लागते. पल्स ऑक्सिमीटरच्या तपासणीतूनही हे आकुंचन निसटू शकतं. म्हणून आता घरी जाणाऱ्या प्रत्येक आईला मी तीन गोष्टी सांगते: पिणं अचानक मंदावलं, पिताना धाप लागली, किंवा पाय गार पडून लंगोट कोरडा राहिला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. तेवढ्याने पुरतं असं मला वाटत नाही.

या बाळाच्या आजी सुनेकडे बोट दाखवून म्हणत होत्या, "हिने थंड पाण्यात हात घातल्यान, म्हणान झाला ह्या." मी त्यांना बाजूला बसवून चित्र काढून दाखवलं. महाधमनी गरोदरपणाच्या पहिल्या दोन महिन्यांत घडते, पाण्याने तिचं काही होत नाही. त्यांना पटलं की नाही कोण जाणे, पण नंतर सुनेला काही बोलल्या नाहीत.

सून फेरतपासणीला येते तेव्हा मी दर वेळी बाळाच्या हाताचा आणि पायाचा रक्तदाब मोजते, कारण जोडलेली जागा पुन्हा अरुंद होऊ शकते. मागच्या खेपेस तिने विचारलं, "मॅडम, दुसऱ्या वेळी असंच होईल का?" शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, असं मी सांगितलं. अठरा ते बावीस आठवड्यांत गर्भाचा इको करू, पण तो साफ आला तरी हा दोष नाही असं म्हणता येणार नाही. बाळंतपण जिथे इको आणि प्रोस्टाग्लँडिन दोन्ही असतील तिथे करू, आणि डक्टस मिटल्याचं इकोवर दिसेपर्यंत बाळाला घरी सोडायचं नाही.