काटा बोटात, गाठी कोपरापर्यंत

घोडबंदर रोडला आमच्या गॅलरीत गुलाबाच्या तीन कुंड्या आहेत. जूनमध्ये माती बदलताना उजव्या तर्जनीत काटा घुसला. सुईने काढला, हळद दाबली आणि विसरून गेले. तीनेक आठवड्यांनी नेमकी तिथेच मसुराएवढी लालसर गाठ आली, मग ती फुटून चिघळली. दुखत मात्र नव्हती. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, फरक शून्य. ऑगस्टमध्ये मनगटाच्या वर दुसरी गाठ, मग तिसरी, चौथी. कोपराकडे रांगेने चढणाऱ्या.

सासूबाई म्हणाल्या, "अवधाण आलंय गं." पण अवधाण काखेत येतं आणि ठणकतं. माझी काख मोकळी होती.

स्किनच्या डॉक्टरांनी गाठींवरून बोट फिरवत विचारलं, "घरात फिश टँक आहे? मांजर? बागकाम करता?" माशांच्या पाण्यातला एक जंतूही अशीच रांग उठवतो, कधी त्वचेचा टीबीही. त्यांना संशय होता स्पोरोट्रायकोसिस या बुरशीच्या आजाराचा. ही बुरशी मातीत, कुजलेल्या पाल्यात, काट्यांवर असते. काट्याबरोबर आत शिरली की लसीकावाहिनीतून, म्हणजे लिम्फच्या नळीतून, वर सरकते, म्हणून गाठी त्या वाटेवरच येतात. हिमाचलसारख्या डोंगराळ भागात जास्त दिसते, आपल्याकडे क्वचित.

घोळ झाला तो बायोप्सीत. पहिला तुकडा सगळाच फॉर्मलिन या नमुना टिकवायच्या द्रावणात गेला. रिपोर्ट आला: ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींचे पुंजके; टीबीचा विचार करावा. टीबीची औषधं सुरू व्हायचीच बाकी होती. डॉक्टरांनीच थांबवलं. या आजारात त्वचेत बुरशी इतकी थोडी असते की मायक्रोस्कोपखाली सहसा सापडत नाही; ती वाढवूनच ओळखावी लागते आणि फॉर्मलिनमध्ये ती मरते. दुसऱ्या वेळी दोन तुकडे घेतले, एक फॉर्मलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये फंगल कल्चरसाठी. पुन्हा टाके पडले म्हणून चिडले होते खरी. दहा दिवसांत २५ अंशांवर पांढरट बुरशी उगवली आणि हळूहळू काळपट झाली. निदान पक्कं.

लिव्हरची तपासणी करून इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध सुरू झालं, दिवसाला २०० मिलिग्रॅम, जेवणाबरोबर. महिना गेला तरी गाठी तशाच. डॉक्टरांनी माझ्या बाकीच्या गोळ्या मागितल्या आणि त्यातली रोज सकाळची ॲसिडिटीची गोळी बाजूला काढली. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल पोटातल्या आम्लातच नीट विरघळतात. आम्लच दाबलं तर औषध अंगाला लागणार कसं? ती गोळी बंद केल्यावर तीन आठवड्यांत वरच्या गाठी बसू लागल्या. शेवटची सपाट झाल्यावरही महिनाभर औषध चालू ठेवलं, एकूण साडेपाच महिने.

तेवढ्या काळात नवऱ्याने माझा टॉवेल वेगळा ठेवला होता. डॉक्टर हसले. "माणसाकडून माणसाला होत नाही हो हे," म्हणाले, "मातीत हात घालताना तेवढे ग्लोव्हज घाला."