पुढे हेझलनटचं चित्र, मागे सगळा कायदा

हेझलनट स्प्रेडची २०० ग्रॅमची काचेची बरणी, तिला गोल गुंडाळणारं लेबल. फाइल छपाईला जायच्या आदल्या दिवशी क्लायंटच्या कंप्लायन्सच्या मॅडमचा फोन आला, "अहो, घटकांची यादी वाचता येत नाहीये, हे पास होणार नाही."

खरं तर वाचता येत होती, निदान मला तरी. पण "येतंय की" म्हणून हे प्रकरण संपत नाही, मोजावं लागतं. माल युरोपियन युनियनमध्ये विकायचा होता आणि तिथल्या ११६९/२०११ या नियमात सक्तीच्या मजकुराची एक्स-हाइट किमान १.२ मिमी लागते. (तुमच्याकडे आकडे वेगळे असतील, बघून घ्या.) एक्स-हाइट म्हणजे इंग्रजीतल्या छोट्या x ची उंची, फॉन्टचा पॉइंट साइज नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो. आमच्या डिझायनरने ब्रँडला शोभेल असा नाजूक सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांना बारीक शेपट्या असलेला फॉन्ट, ६ पॉइंटला लावला होता, आणि त्या फॉन्टची एक्स-हाइट पॉइंट साइजच्या साधारण ४२ टक्केच. एक पॉइंट म्हणजे ०.३५३ मिमी धरा, हिशोब केला तर ०.८९ मिमी. छोट्या पॅकला ०.९ ची सवलत असते पण ती सगळ्यात मोठा पृष्ठभाग ८० चौरस सेमीपेक्षा कमी असेल तरच, आमची बरणी त्यात बसत नव्हती, आणि बसली असती तरी आम्ही केसभर कमीच पडत होतो.

डिझायनर म्हणाला, "मग साइज वाढवूया." तोच सेरिफ १.२ ला न्यायचा तर ८ पॉइंटच्या वर जातो आणि मजकूर लेबलच्या बाहेर. मी म्हटलं फॉन्ट बदल. ज्याची एक्स-हाइट ५४ टक्के आहे असा थोडा अरुंद सॅन्स, म्हणजे शेपट्या नसलेला फॉन्ट, घेतला, ६.५ पॉइंटला १.२४ मिमी मिळाले. म्हणजे नियमात पण बसलं आणि ओळी पण आटोक्यात राहिल्या. सेरिफ पुढच्या बाजूला ब्रँडच्या नावाला ठेवला, तिथे तो सुंदरच दिसतो.

तरी जागा पुरेना. मग मजकूरच तपासला. अॅलर्जीचा वेगळा चौकोन होता, "यात दूध, हेझलनट, सोया आहे" वगैरे. पण युरोपियन युनियनमध्ये अॅलर्जन घटकांच्या यादीतच उठून दिसावे लागतात, यादी असताना तेच परत वेगळं लिहायचं नसतं. चौकोन उडवला, यादीत ते शब्द बोल्ड केले. डिझायनर एवढा खूश मी त्याला क्वचितच पाहिलाय. पण लगेच एक ओझं वाढलं, कारण पुढे एवढं मोठं हेझलनटचं चित्र म्हटल्यावर यादीत त्याची टक्केवारी द्यावीच लागते आणि ती कुणी दिलीच नव्हती! क्लायंटकडून आकडा येईपर्यंत संध्याकाळ झाली.

वजनाचं भांडण मात्र मजेदार होतं. मार्केटिंगवाल्यांना पुढची बाजू मोकळी हवी होती, "२०० ग्रॅम मागे टाका ना." आता पदार्थाचं कायद्यातलं नाव आणि वजन एका नजरेत दिसायला हवं असतं, आणि ब्रँडचं नाव म्हणजे पदार्थाचं नाव नव्हे. म्हणजे न्यायचं तर दोन्ही मागे न्या, पण मागे आधीच मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटी "कोको आणि हेझलनट स्प्रेड" ही ओळ ब्रँडच्या खाली, आणि त्याच ओळीत उजवीकडे वजन. ५० ग्रॅमच्या वर ते २०० ग्रॅमपर्यंत आकडे किमान ३ मिमी लागतात, आम्ही ते सेरिफमध्येच केले. सक्तीची माहिती आहे असं वाटतच नाही, डिझाइनचा भाग वाटतो.

खरा घात होणार होता रंगाने. मागची बाजू गडद चॉकलेटी, चार शाईंनी बनलेली, त्यात पांढरी अक्षरं कोरलेली. स्क्रीनवर एकदम मस्त. पण छपाईत चारपैकी एक प्लेट किंचित सरकली की ६.५ पॉइंटच्या बारीक रेषा शाईने भरून जातात, e आणि a ची पोकळी बुजते, मग १.२४ मिमीचा काय उपयोग? म्हणून चॉकलेटची वितळती कडा मागे आणून तिथे थांबवली, त्यापलीकडे सगळा क्रीम पट्टा, त्यावर एकाच गडद तपकिरी शाईत मजकूर. एकाच शाईत असलं की सरकायला दुसरं काही नसतंच.

फाइल पाठवल्यावर प्रिंटरचा एकच प्रश्न आला, बॅच नंबर आणि तारखेची जागा वार्निशशिवाय सोडलीये ना, नाहीतर कोडिंगची शाई वाळत नाही आणि हाताने पुसली जाते. सोडली होती, क्रीम पट्ट्याच्या खालच्या कोपऱ्यात.