कुरकुरणारी बाबागाडी

समुद्रावर नेऊन आणलेली बाबागाडी त्याच संध्याकाळी कुरकुरत नाही. ती चार-आठ दिवसांनी कुरकुरू लागते, आणि म्हणून दोष समुद्राला न लागता गाडीला, गाडी बनवणाऱ्याला किंवा ती आहेरात देणाऱ्या नातेवाइकाला लागतो. आमच्या रत्नागिरीत नातवंडे सुट्टीला आली की भाट्याच्या पुळणीवर एक फेरी ठरलेलीच असते. ओल्या वाळूवर गाडी छान चालते, कोरड्या वाळूत रुतते, मग दोघे जण ती पालखीसारखी उचलून रस्त्यापर्यंत आणतात आणि घरी आल्यावर पडवीच्या कोपऱ्यात उभी करून ठेवतात. पुढचे सगळे काम त्या कोपऱ्यात, कोणाचेही लक्ष नसताना होते.

लेक पुण्याहून घेऊन आलेल्या गाडीचे असेच झाले. पुढची चाके 'कुंई कुंई' करू लागली आणि मागचे डावे चाक जड झाले, त्यामुळे सरळ ढकललेली गाडी हळूहळू डावीकडे, म्हणजे नेमकी तुळशीवृंदावनाकडे वळू लागली. घरात जितकी माणसे तितकी तेले निघाली. सौभाग्यवतींनी खोबरेल पुढे केले, जावयांनी गंज सोडवणाऱ्या फवाऱ्याचा डबा गाडीतून आणला, आणि शेजारच्या भाऊंनी कुंपणावरूनच सांगितले, ''रॉकेलने धू आणि शिलाई मशीनचे तेल सोड, दुसरे काही करू नको.'' या तिन्ही सल्ल्यांनी आवाज लगेच थांबला असता. तो किती दिवस थांबला असता, हा खरा प्रश्न होता.

कोकणात चाकाच्या आसाशी दोन वस्तू जमतात, वाळू आणि मीठ. वाळू दिसते, मीठ दिसत नाही. मीठ खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर आसावर चढते, पाणी सुकते आणि मीठ तिथेच राहते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतून ओलावा ओढून विरघळू लागते, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्यामुळे ते त्याच्याही बरेच आधी ओले होते. पावसाळ्यात बरणीतल्या जाड्या मिठाला जसे पाणी सुटते, तसेच आसावरच्या मिठालाही सुटते. म्हणजे गाडी पडवीत कोरडी उभी आहे असे आपल्याला वाटत असताना तिचा पोलादी आस रोज पहाटे खाऱ्या पाण्याने भिजत असतो. चार दिवसांनी येणारा आवाज हा त्या गंजाचा आवाज आहे.

आणि इथेच भाऊंच्या सल्ल्यातील अडचण आहे. रॉकेल जुने ग्रीस आणि चिकटलेला मळ उत्तम काढते, पण मीठ रॉकेलमध्ये विरघळत नाही. तेलातही विरघळत नाही. ते पाण्यातच विरघळते, तेही गोड्या पाण्यात. लोखंडाला पाणी लावायचे हे ऐकून जुनी माणसे दचकतात, परंतु मिठावर तेल चढवले तर मीठ तेलाखाली सुरक्षित राहते आणि गंजाचे काम निवांत चालू राहते. म्हणून किनाऱ्यालगतच्या घरात क्रम असा हवा की आधी पाणी, मग वाळवणे, आणि वंगण सर्वांत शेवटी.

त्याआधी आवाज कोठून येतो ते पाहावे लागते, कारण बाबागाडीच्या पुढच्या चाकाला फिरण्याच्या दोन जागा असतात. एक चाकाचा आडवा आस, आणि दुसरी ज्यावर ते चाक डावी-उजवीकडे वळते ती उभी खुंटी. गाडी थोडी उचलून चाक बोटाने फिरवावे. फिरवताना आवाज आला तर आस दोषी, केवळ वळणावर आला तर खुंटी दोषी, आणि बाळ बसल्यावरच आला तर ओझ्याखाली काहीतरी घासते आहे असे समजावे. चाक मोकळे फिरते पण लवकर थांबते, तेव्हा बहुधा आसाभोवती काहीतरी गुंडाळलेले असते. आमच्या गाडीत पुढे आवाज आसाचा होता.

पुढचे चाक काढण्यासाठी बहुतेक गाड्यांत खुंटीजवळ एक खटका असतो. तो दाबून चाकांची जोडी खाली ओढली की ती सुटते. त्यापुढे आसाच्या टोकावरची प्लॅस्टिकची टोपी पेचकसाने अलगद उचकटली की आत अडकवलेली पत्र्याची चकती किंवा खाच धरून बसलेली लहान क्लिप दिसते. ही क्लिप निसटली की हमखास उडते, आणि पडवीतून उडालेली क्लिप जांभ्याच्या फटीत गेली तर ती तिथलीच झाली. म्हणून तिच्यावर फडके धरूनच ती काढावी. वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून ठेवावेत. एक वॉशर उलटसुलट बसला तरी चाक गाडीच्या सांगाड्याला घासू लागते, आणि मग आपण नसलेला दोष बेअरिंगमध्ये शोधत बसतो.

चाक निघाल्यावर आसावर जे दिसले ते थोडा वेळ पाहण्याजोगे होते. मधोमध केसांचे घट्ट कडे होते, त्यात लेकीचे लांब केस, साडीचा एखादा धागा आणि तांबडी धूळ, सगळे तेलकट होऊन एकजीव झालेले. त्याच्या दोन्ही बाजूंना आसावर बारीक गोल चरे पडले होते, नखाला लागतील इतके. चाकाचे भोक मात्र, जे साध्या प्लॅस्टिकचे होते, गुळगुळीत आणि शाबूत. पोलाद झिजले आणि प्लॅस्टिक वाचले, हे पाहून जावई चकित झाले. याचे कारण वाळूत आहे. वाळूतला गारगोटीचा कण साध्या पोलादाहून कठीण असतो. तो मऊ प्लॅस्टिकमध्ये रुतून बसतो आणि तिथून समोर फिरणाऱ्या पोलादाला सतत खरवडतो. मऊ वस्तू कणाला आसरा देते आणि झीज कठीण वस्तूच्या वाट्याला येते. अशा ठिकाणी पातळ तेल सोडले तर ते नवी वाळू धरून ठेवते आणि तयार होते ती घासण्याची लुगदी. आवाज बंद, झीज दुप्पट जोमाने चालू. खोबरेलाबद्दल आमच्या घरात वाईट बोलण्याची सोय नाही, तरी जे तेल २४-२५ अंशांखाली थिजते आणि डिसेंबरच्या पहाटे बाटलीतून निघत नाही, ते आसावर तरी पातळ राहील अशी अपेक्षा कशी करावी? फवाऱ्याचा डबा गंजलेली क्लिप सोडवण्यास उपयोगी पडला. त्याचा पातळ थर मात्र वंगण म्हणून फार काळ टिकत नाही.

केसांचे कडे ब्लेडने आसाच्या लांबीला धरून कापले. ओढत बसले तर ते अधिक आवळते. मग आस आणि चाक कोमट पाण्यात थोडा साबण घालून जुन्या दातांच्या ब्रशने घासले आणि भरपूर गोड्या पाण्याने धुतले. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते; तशी विहीर असेल तर शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा ओतावा, नाहीतर मीठ धुण्यासाठी मीठच वापरल्यासारखे होईल. आसावरचा गंज ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने, पेपर पाण्यात भिजवून, हलक्या हाताने काढला. चरे पूर्ण घालवण्याचा हट्ट धरू नये, कारण तितके घासले तर आस बारीक होतो आणि चाक डुगडुगते. नंतर सगळे भाग फडक्याने पुसून दुपारभर उन्हात ठेवले. वाळवण्यात घाई केली तर वंगणाखाली पाणी कोंडले जाते.

प्लॅस्टिकचे भोक आणि पोलादी आस अशा जोडीला सिलिकोनचा फवारा चांगला, कारण तो प्लॅस्टिकला इजा करत नाही आणि वाळल्यावर फारसा चिकट राहत नाही. तो चाकावर न मारता फडक्यावर मारून त्या फडक्याने आस पुसला, की हवे तितके वंगण आपोआप लागते. चाक बसवून थोडे फिरवल्यावर बाहेर आलेले पुसून टाकले. बाळाच्या गादीला आणि हाताच्या दांड्याला फवारा लागू नये म्हणून हे सर्व काम गाडीपासून दूर, पायरीवर केले, आणि नातीला त्या वेळात आजीकडे दिले. लहान वॉशर तोंडात घालण्याची तिची तत्परता मी पाहिली आहे.

मागच्या चाकाची गोष्ट वेगळी होती, कारण त्यात खरे बॉल बेअरिंग होते. त्याच्या कडेवर ६०८ हा आकडा कोरलेला होता. हे बेअरिंग ८ मिलिमीटर भोकाचे, २२ मिलिमीटर व्यासाचे आणि ७ मिलिमीटर जाडीचे असते, स्केटिंगच्या चाकांतही हेच असते, त्यामुळे ते मिळायला फारशी अडचण येत नाही. त्याला दोन्ही बाजूंनी रबराची झाकणे होती. अशी झाकणे टाचणीने कडेकडेने उचलता येतात. पत्र्याची झाकणे असतील तर त्यांच्या वाटेला न जाणे बरे. आत ग्रीसऐवजी तपकिरी चिखल होता. इथेही आधी गोडे पाणी, मग भाऊंचे रॉकेल (त्यांचाही मान राहिला), मग ऊन. त्यानंतर बेअरिंग कोरडेच बोटावर धरून सावकाश फिरवले. गोळ्या सलग फिरल्या असत्या तर मोकळ्या जागेच्या साधारण एक तृतीयांश भागात लिथियमचे ग्रीस भरून झाकणे लावली असती. ठासून भरलेले ग्रीस चाकाला उलट जड करते. पण बोटाला दर फेऱ्यात त्याच जागी खरखर लागत होती. याचा अर्थ गंजाने आतल्या वाटेत खड्डा पाडला होता, आणि खड्डा कोणत्याही ग्रीसने भरून येत नाही. बाजारातील सायकलवाल्यांनीही ते कानाजवळ फिरवून हाच निर्णय दिला आणि नवे बेअरिंग काढून दिले. ते बसवताना बाहेरच्या कड्यावर दाब द्यावा, मधल्या कड्यावर हातोडी मारली तर तो धक्का गोळ्यांमधून जातो आणि नवे बेअरिंग बसवतानाच जुने होते.

शेवटी ब्रेक पाहिला. बहुतेक बाबागाड्यांत पायाने पट्टी दाबली की एक खिळा मागच्या चाकाच्या दातांत शिरतो. त्या दातांच्या तळाशी ओली वाळू घट्ट बसलेली होती, त्यामुळे खिळा अर्धाच आत जात होता; पट्टी खाली गेलेली दिसे, पण चाक धरले जात नसे. दात टूथपिकने कोरून काढले, तिथे वंगणाचा थेंबही लावला नाही, आणि गादीवर तांदळाची पिशवी ठेवून गाडी गेटाजवळच्या उतारावर ब्रेक लावून उभी केली. ती जागची हलली नाही, तेव्हा पिशवी काढून नातीला बसवले.